फोटो काढला की माझे डोळेच मिटतात, दादा

लग्नाची तारीख धरायला जोडपी येतात तेव्हा पहिलं बोलणं पैशाचं नसतं. पैशाचं वडीलधारी मंडळी बोलतात आणि तेही चहा झाल्यावर. त्याच्या आधी होणारा नवरदेव भिंतीवरचे फोटो बघत बघत उगी इकडून तिकडं फिरतो आणि मग आई-बापाचं लक्ष नाही असं बघून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणतो, "भाऊ, माझे फोटो चांगले येत नाहीत." आणि खुर्चीवरची पोरगी लगेच म्हणते, "माझे तर त्याहून बेकार."

लातुरात हे काम करायलोय त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आलं नाही तर मलाच काळजी वाटते. ज्यांना फोटो काढून घ्यायची सवय हाय, ज्यांना मान किती वाकडी करायची, कुठली बाजू दाखवायची हे सगळं पाठ हाय, त्यांचा कॅन्डिड फोटो काढणं लई अवघड. घाबरलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला नाटक येत नाही.

आता हा कॅन्डिड शब्द. आमच्याकडं लग्नाच्या बोलीत कॅन्डिड म्हणजे एक जास्तीचा माणूस. "दोन फोटोवाले, एक व्हिडिओ, एक ड्रोन आन् एक कॅन्डिड," असं सुपारी फोडल्यासारखं ठरतं. कॅन्डिडवाला म्हणजे जो लांबून, खांबाआडून मोठ्या लेन्सनं गुपचूप काढतो तो. लोकांना वाटतं लपलं की झालं. पण ज्याला कॅमेऱ्याची भीती हाय त्याला कॅमेरा दिसला नाही की तो जास्त घाबरतो, कारण मग तो कॅमेरा कुठंय हे शोधत बसतो. अख्खी हळद अंगाला लागेपर्यंत त्याची नजर मांडवाच्या कोपऱ्या-कोपऱ्यात. मी म्हणून लपत नाही. मी दोन हातांच्या अंतरावर बसतो, दिसतो, आणि इतका वेळ दिसतो की त्यांना माझा कंटाळा येतो. कंटाळा आला की काम सुरू.

एका जोडप्याचं सांगतो, म्हणजे मी काय करतो ते कळंल. नावं सांगत नाही, त्यांनी सांगितलंय तसं.

मुलगा रेणापूरकडचा, पुण्यात कंपनीत. मुलगी औसा तालुक्यातली, बँकेत. साखरपुडा झालेला, लग्न मे महिन्यात. पोरगा साखरपुड्याचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन आला होता आणि एकेक दाखवत होता, जसं डॉक्टरला रिपोर्ट दाखवावा. अंगठी घालताना डोळे मिटलेले, पेढा भरवताना मिटलेले, आत्यासोबत मिटलेले. म्हणाला, "फोटो काढला की माझे डोळेच मिटतात, दादा. लहानपणापासून असंच हाय. शाळेच्या ग्रुप फोटोतबी मी झोपलेलाच हाय."

त्याला वाटत होतं हा त्याचा दोष. मी म्हणलं थांब. दुकानातच उभं केलं, फ्लॅश ऑटोवर ठेवला आणि दहा फोटो काढले. सहात डोळे अर्धे नाहीतर पूर्ण बंद. मग फ्लॅश मॅन्युअलवर टाकला आणि परत दहा काढले. एकच मिटलेला. पोरगा स्क्रीनकडं असा बघायला की मी काहीतरी जादू केली.

जादू काही नाही. ऑटोवरचा फ्लॅश एकदा नाही, दोनदा चमकतो. पहिला बारीक झटका, कॅमेऱ्याला उजेड किती लागंल हे मोजायला, आणि त्याच्या मागोमाग खरा फ्लॅश. दोन्हीच्या मधला वेळ इतका कमी की आपल्याला एकच चमक दिसते. बहुतेकांच्या पापण्या तेवढ्या वेळात हलत नाहीत. पण काहींच्या पापण्या लई चपळ, पहिल्या झटक्याला त्या खाली यायला लागतात आणि खरा फ्लॅश पडेपर्यंत त्या नेमक्या अर्ध्यात असतात. मॅन्युअलवर मोजणारा झटका नसतोच, एकदाच चमकतो, आणि पापणी मिटंपर्यंत फोटो झालेला असतो. म्हणजे इतकी वर्षं हा पोरगा स्वतःला दोष देत होता आणि दोष होता फ्लॅशच्या एका सेटिंगचा. तुमचंही असं असंल तर घरी ताडून बघा: फ्लॅश बंद करून खिडकीजवळ आठ-दहा फोटो काढा. त्यात डोळे उघडे आले तर तुमच्यात काही खोट नाही. त्यातही मिटले तर मग दुसरं कारण असतं, ते म्हणजे "एक, दोन, तीन" म्हणणारा माणूस. तीन येईस्तोवर माणूस डोळे ताणून धरतो आणि बरोबर तीनला पापणी दमते. आमचे वडील तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवायचे, छत्तीस फोटोंचा रोल, एकेक फोटो मोलाचा, ते "हलू नका, हलू नका" म्हणायचे आणि त्यांच्या अल्बमातली अर्धी गावकी डोळे वटारून बघायलीय. त्यांचं चुकलं नाही, रोलच छत्तीसचा होता.

मॅन्युअल फ्लॅशला एक अडचण हाय ती पण सांगतो. माणूस दोन पावलं जवळ आला की चेहरा पांढराफेक होतो, दोन पावलं लांब गेला की काळा पडतो, कारण अंतर बघून उजेड कमी-जास्त करायला आता कोणी नाही, ते माझ्या डोक्यात असावं लागतं. स्टेजवर ओळीनं उभं राहून काढायच्या फोटोंना ते चालतं. वरातीत नाही चालत. म्हणून त्या पोराला मी सांगितलं, जिथं जमंल तिथं फ्लॅशच वापरणार नाही.

मुलीचं वेगळं होतं. ती काही दाखवत नव्हती, सांगतही नव्हती. पण हसू आलं की हात तोंडाकडं जायचा, आणि हात रिकामा नसला की ओठ घट्ट. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. मी काही विचारलं नाही. दाताचं विचारलं की पुढचं सगळं लग्नभर तो दातच विचारात राहतो.

प्री-वेडिंगला मुलाकडच्यांना किल्ला पाहिजे होता, घागरा, धूर, फुगे. मी म्हणलं, येळवसला बोलवा. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात माणूस दिसत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, कोपीत पांडव म्हणून मांडलेले दगड, भज्जी, आंबिल, उंडे, आणि जे पाहुणे वर्षभर येत नाहीत ते सगळे. होणाऱ्या जावयाला बोलावणं होतंच. मी फोटोवाला म्हणून गेलो नाही, जेवायला गेलो, कॅमेरा खांद्याला.

पहिला तासभर फक्त जेवलो. मग काढायला सुरुवात केली तेव्हा कॅमेऱ्याचा आवाज बंद करून. ही गोष्ट लई लोकांना माहीत नसते पण घाबरलेल्या माणसाला कॅमेरा दिसून त्रास होत नाही तेवढा ऐकून होतो. खट् झालं की खांदे वर जातात. आताच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज पूर्ण बंद करता येतो, आणि रानात, उन्हात, त्याला काही तोटा नाही. मी एक काम मुद्दाम केलं: आवाजाचा फोटो आधी काढला. म्हणजे, "इकडं बघा," म्हणलं, दोघं कोपीसमोर उभे राहिले, ताठ, त्याच्या मुठी वळलेल्या, तिचे ओठ बंद, खट्, "झालं, झाला फोटो," असं म्हणून कॅमेरा खाली घेतला. छातीपर्यंत. आणि तिथूनच आवाज बंद करून पुढचे सात-आठ काढले.

"झाला" म्हणल्याबरोबर माणसात काय होतं ते बघण्यासारखं असतं. आधी श्वास सुटतो, मग खांदे पडतात, मग दोघं एकमेकांकडं बघतात, कारण आपण दोघं आता किती येड्यासारखे उभे होतो हे फक्त त्या दोघांनाच माहीत असतं. तो तिला म्हणाला, "माझे डोळे उघडे होते का?" ती म्हणाली, "मी कुठं बघितलं, मी माझंच बघायलते." आणि हसली. हातात आंबिलाचा गडू होता म्हणून हात तोंडाकडं गेला नाही.

तर गडू महत्त्वाचा. हात रिकामे असले की घाबरलेला माणूस हातांचं काय करावं याच विचारात असतो, म्हणून मी लग्नात कुणाला "हात असे ठेवा" सांगत नाही, काहीतरी धरायला देतो. हळदीच्या दिवशी नवरदेवाला बारक्या भाच्याला कडेवर घ्यायला सांगतो. नवरीला मुंडावळ्या बांधायच्या आधी ती बांधायची दोरी तिच्याच हातात देतो. पोज देण्याचा हा प्रकार हाय का? हाय. मी कबूल करतो. नुसतं वाट बघण्याला कॅन्डिड म्हणत असतील तर मी तेवढा शुद्ध नाही.

ह्या रानातल्या दिवसाचे फोटो त्यांनी फार वापरले नाहीत, मुलाच्या आईला ते "साधे" वाटले. मला चाललं. मला त्या दिवसातून फोटो नको होते, मला हे पाहिजे होतं की मे महिन्यात मी कॅमेरा घेऊन उभा राहिलो तर ह्यांना येळवसचा जेवणारा माणूस आठवावा.

मे महिन्यातलं लग्न. मुहूर्त दुपारी बारा सदतीस, ऊन असं की कार्यालयाच्या पत्र्याखाली उभं राहिलं तरी डोक्यात आवाज यायला. आमच्याकडच्या बऱ्याच कार्यालयांत पत्र्याचं शेड आणि खाली रंगीत कापडाचं छत. ते दिसायला छान, फोटोला वैरी. लाल-पिवळ्या कापडातून ऊन गाळून आलं की सगळ्या वऱ्हाडाला कावीळ. नुसता एकच रंग असता तर कम्प्युटरवर काढता येतो. पण एका गालावर छताचा लाल, दुसऱ्या गालावर व्हिडिओवाल्याच्या एलईडीचा पांढरा-निळा, असं झालं की एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो, आणि त्याला काही इलाज नाही, मग लोक ब्लॅक अँड व्हाईट करतात आणि कलात्मक म्हणतात. मी पण केलंय. म्हणून आता तारीख धरतानाच मंडपवाल्याचा नंबर घेतो आणि एवढंच मागतो की स्टेजच्या वर तेवढं पांढरं कापड लावा, बाकी पाहिजे तो रंग लावा. पैसे जास्त लागत नाहीत, आदल्या रात्री सांगितलं तर मात्र मंडपवाला ऐकत नाही. आणि व्हिडिओवाल्यासोबत आधी चहा पितो. त्याचा लाईट माझ्याच बाजूनं असला तर आम्हा दोघांचं भागतं.

सकाळी नवरीच्या खोलीत गेलो तेव्हा परत आवाज बंद केला, कारण तिथं शांतता होती, आई केसात गजरा माळत होती, करवल्या मोबाईलमध्ये. पण खोलीत दोन स्वस्तातल्या एलईडी ट्यूब. इथं आवाज बंद करण्याचा तोटा दिसतो. आपली लाईट सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते, त्यामुळं असल्या ट्यूबा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही, पण बिनआवाजाचा शटर फोटो वरून खाली हळूहळू वाचत जातो आणि वाचता वाचता उजेड कमी-जास्त झालेला असला की फोटोवर आडवे पट्टे, जणू नवरीवर चटईची सावली. उपाय म्हणजे शटर १/१०० ला आणायचा, मग प्रत्येक ओळीला एक पूर्ण हेलकावा मिळतो आणि पट्टे जातात. १/१०० ला पळणारं पोरगं हललेलं येतं, पण गजरा माळून घेणारी नवरी हलत नाही, तर भागलं.

अंतरपाटाला मात्र आवाज चालू ठेवतो, तिथं स्पीकरवर मंगलाष्टका, भटजींचा गळा, बाहेर बँडवाला तयारीत, तोफ उडाली तरी कोणाला कळत नाही.

अंतरपाटाचं गणित असं की कापड सरतं आणि हार घालायची गडबड सुरू होते त्याच्या मध्ये दोन-तीन सेकंद असतात, बस. दोघांचे चेहरे समोरासमोर, म्हणजे एका कॅमेऱ्याला एकच चेहरा समोरून मिळतो. बाजूनं दोघं मिळतात पण बाजूची जागा व्हिडिओची, आणि तिथं दोन्हीकडचे मामा. म्हणून आम्ही दोघं जण असतो आणि आदल्या दिवशी ठरवतो की कोण कुणाकडं. जास्त घाबरलेला माणूस मी घेतो. इथं तो नवरदेव होता, तर मी नवरीच्या खांद्यामागं, आणि माझा जोडीदार स्टेजखाली लांब लेन्स घेऊन नवरीकडं.

कापड असेपर्यंत चेहरा दिसत नाही, म्हणून फोकस आधी धरता येत नाही, आणि कापड गेलं की कॅमेरा समोर उडणाऱ्या अक्षतांवर फोकस करतो, चेहरा धुरकट. नवीन होतो तेव्हा दीडच्या अ‍ॅपर्चरला काढायचो, मागचं सगळं मऊ दिसावं म्हणून, आणि असे कितीतरी धुरकट नवरदेव माझ्या जुन्या हार्डडिस्कात हायत. आता चारवर ठेवतो, म्हणजे फोकस बोटभर मागं-पुढं झाला तरी डोळे साफ येतात. शटर १/४००. तेवढ्याला अक्षता दाणा दाणा दिसतात, १/१०० ला नुसत्या पांढऱ्या रेघा.

"शुभमंगल सावधान" शेवटचं झालं, कापड सरलं, आणि नवरदेवाचे डोळे उघडे होते. सगळ्या फोटोंत. फ्लॅश नव्हता, कुणी तीन म्हणलं नव्हतं, आणि तो माझ्याकडं बघतच नव्हता, तो तिच्याकडं बघत होता आणि पापणीवर एक तांदूळ अडकलेला. तो फोटो चांगलाय. तो त्यांनी घरात लावलाय.

त्याच्या पुढच्याला माझी चूक झाली. नवरीनं हार उचलला आणि मागून पुण्याच्या मित्रांनी नवरदेवाला उचललं, ही खोडी प्रत्येक लग्नात होते, मला माहीत पाहिजे होतं. पण माझ्या हातात ८५ ची लेन्स, तिला जवळ-लांब करता येत नाही, आणि मागं सरकायला जागा नाही, मागं मावशी. दुसरा कॅमेरा, झूमवाला, कमरेला लटकलेला. तो हातात घेईस्तोवर झालं. माझ्याकडं जे आलं त्यात शेरवानीची चार बटणं, एक बूट, आणि त्याला धरणारे सहा हात. मुंडकं नाही. नवरदेवाच्या बापाला मी स्वतः सांगितलं की हा क्षण माझ्याकडून गेला. ते म्हणले, "असू द्या की, व्हिडिओत हायच." व्हिडिओत होता, पाठमोरा. तेव्हापासून अंतरपाटाला ८५ पिशवीत जातो, माझ्या हातात झूम असतो, भले मागचं तेवढं मऊ येईना.

पण स्टेजखालून माझ्या जोडीदाराला नवरी मिळाली. दोन्ही हातांत हार, नवरा हवेत, ती मान वर करून त्याच्याकडं बघायलीय आणि हसायलीय, सगळं तोंड उघडून. हातात हार, तोंडाकडं न्यायला हातच नाही. तो चढलेला दात स्वच्छ दिसतोय, छताच्या पांढऱ्या कापडातून आलेला उजेड बरोबर चेहऱ्यावर. त्या सगळ्या सीझनमध्ये आम्ही दोघांनी काढलेल्या हजारो फोटोंत मला तो सगळ्यात चांगला वाटतो.

निवडीसाठी फोटो पाठवले त्या रात्री तिचा फोन आला. बाकी सगळं आवडलं म्हणाली. मग म्हणाली, "दादा, तेवढा एक काढता का?" कुठला ते सांगावं लागलं नाही. मी एकदाच म्हणलं की ताई, तो लई चांगला आलाय. ती म्हणाली, "मला माहितीय चांगला आलाय. पण नको." मी काढला. अल्बममधून, पाहुण्यांच्या लिंकमधून, आमच्या इन्स्टाच्या फोल्डरमधून. फाईल तिच्या पेनड्राईव्हमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये दिली आणि आमची कॉपी पुसली. त्यामुळं तो फोटो मी तुम्हाला दाखवू शकत नाही. तुम्ही इथं जे फोटो बघताय ते सगळे विचारून लावलेले हायत.

तुमच्याकडून मला फार काही नको. लग्नाच्या आधी एकदा भेट पाहिजे, अर्धा दिवस, आणि ती भारी कपडे घालून, नटून नको. मुहूर्ताच्या आधी वीस मिनिटं अशी पाहिजेत की खोलीत फक्त आई किंवा बहीण. आणि अंतरपाटाच्या वेळी स्टेजवर मोबाईल घेऊन कोणी पुढं येणार नाही हे घरातल्या एका खणखणीत आवाजाच्या माणसानं बघायचं, मामा असतील तर बरं, फोटोवाल्याचं कोणी ऐकत नाही. रिसेप्शनच्या रांगेत मी कॅन्डिडचं वचन देत नाही. तिथं दोन-तीन तास माणूस एकाच जागी उभा राहून नमस्कार करतो, चेहरा दगड होतो, तिथले फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. फार तर मध्येच तुम्हाला पाणी आणून देईन, ते पिताना एक-दोन बरे मिळतात.

फोटो दोन कार्डांवर एकाच वेळी जातात आणि त्याच रात्री घरी आल्यावर आंघोळीच्या आधी दोन ठिकाणी उतरवतो, हे सगळ्यांची आई विचारते म्हणून लिहून ठेवलं.

तारीख मे महिन्यातली असंल तर दिवाळीच्या आधीच सांगा. येळवसला तेवढी आंबिल जास्त ठेवा, आम्ही दोघं येतो.